पंचवीस मिनिटांचं काम, एकोणीस दिवस : उत्पन्नाच्या दाखल्याची वाट कशी तपासावी

सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून असताना मी एका उन्हाळ्यात उत्पन्नाच्या दाखल्याची सगळी वाट पायाखालून घातली. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे लिहिलंय त्यातल्या निम्म्या चुका माझ्याच टेबलावरच्या होत्या. नुकतेच रुजू झालेले महसूल सहायक, नायब तहसीलदार किंवा सेतूचं काम बघणारी मंडळी यांच्यासाठी हे लिहितोय. प्रशिक्षणात ‘लीन’ आणि ‘प्रक्रिया पुनर्रचना’ हे शब्द दोन तासांत उरकले जातात. सोमवारी टेबलावर बसून नक्की काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

दोन्ही शब्दांचा अर्थ आधी थोडक्यात सांगतो. लीन ही टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी घडवलेली पद्धत. काम करण्यात किती वेळ गेला आणि काम नुसतं पडून किती वेळ राहिलं, हे वेगळं करायचं आणि पडून राहणं कमी करायचं. प्रक्रिया पुनर्रचना हा शब्द मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये गाजवला. त्यांचा मुद्दा असा, की जुन्या पायऱ्या जशाच्या तशा संगणकावर चढवू नका, आधी ती पायरी लागते का ते विचारा. आपल्याकडे अर्ज ऑनलाइन झाले, पण टेबलं तीच राहिली. पूर्वी फाइल टेबलावर पडायची, आता लॉगिनमध्ये पडते, एवढाच फरक.

लागणारं साहित्य

फार काही नाही. निकाली निघालेले ३० अर्ज, शक्यतो जूनमधलेच. एक वही. भिंतीवर चिकटवायला खाकी कागद आणि रंगीत चिठ्ठ्या. मनगटावरचं घड्याळ. त्या सेवेच्या कागदपत्रांची अधिकृत यादी पोर्टलवरून छापून घ्या. सेतूच्या काचेवर चिकटवलेली यादी चालणार नाही, त्याचं कारण पुढं येईल. आणि तहसीलदार साहेबांची तोंडी का होईना, परवानगी. ती नसेल तर तुम्ही वही घेऊन फिरायला लागलात की तिसऱ्या दिवशी ‘हा चौकशी करतोय’ अशी बोंब होते.

## १. एकच दाखला धरा, आणि जातीचा धरू नका

उत्साहात सगळे दाखले एकदम घेतले की काहीच होत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करा. फी सवलत, शिष्यवृत्ती, नॉन क्रिमीलेअर या सगळ्यांत तो लागतो, म्हणून दहावी-बारावीचे निकाल लागले की पहिली झुंबड त्याच्यावर पडते.

जातीच्या दाखल्याला हात घालू नका असं का म्हणतो? ती चौकशी आहे. इतर मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा बघावा लागतो. प्रांत अधिकाऱ्याला नातं जुळवून बघावं लागतं, मोडी वाचणारा शोधावा लागतो. तिथं वेळ जातो तो विचार करण्यात, आणि तो जायलाच हवा. उत्पन्नाच्या दाखल्यात विचार थोडा आणि वाट बघणं फार, म्हणून हात तिथं लागतो.

## २. अर्जदाराचं घड्याळ लावा

सगळ्यांत मोठी फसगत इथं होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. माझ्या ३० अर्जांत अर्ज भरल्यापासून सही होईपर्यंत सरासरी १२ दिवस लागले होते. म्हणजे आढावा बैठकीत आम्ही ‘मुदतीत’. साहेब खूश, आम्ही खूश.

मग मी त्या ३० पैकी जितके भेटले तितक्या अर्जदारांना एकच प्रश्न विचारला : ‘दाखल्यासाठी घरातून पहिल्यांदा बाहेर कधी पडलात?’ डोंगरातल्या एका वाडीवरच्या बाईंनी सांगितलं, ‘तलाठी भाऊसाहेबांकडं तीन हेलपाटं झालं. एकदा ते मिटिंगला, एकदा पंचनाम्याला. तिसऱ्यांदा भेटलं, तवा पाऊस.’ त्यांचं घड्याळ आमच्या घड्याळाच्या आठ दिवस आधी सुरू झालं होतं. तलाठ्याचा अहवाल हातात आल्याशिवाय सेतूवाला अर्ज भरत नाही, आणि अर्ज भरल्याशिवाय पोर्टलचं घड्याळ चालू होत नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कुणी म्हणत नाही.)

सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा चित्र असं झालं :

| टप्पा | पडून राहिलेले दिवस | प्रत्यक्ष काम |
|---|---|---|
| तलाठी अहवाल मिळेपर्यंत | ६ | १० मिनिटं |
| सेतूत अर्ज भरणं | १ | ८ मिनिटं |
| महसूल सहायकाची तपासणी | ५ | ४ मिनिटं |
| त्रुटी निघून परत जाणं-येणं | २ | – |
| अव्वल कारकून | २ | २ मिनिटं |
| नायब तहसीलदारांची डिजिटल सही | ३ | १ मिनिट |

बेरीज करा : १९ दिवस आणि २५ मिनिटं. हा तक्ता खाकी कागदावर मोठा काढून दप्तराच्या कपाटाशेजारी चिकटवा. प्रत्येक टप्प्यावर त्या माणसाचं नाव लिहू नका, टेबलाचं नाव लिहा. मी पहिल्यांदा नावं लिहिली होती. दुसऱ्या दिवशी कागद फाटलेला मिळाला.

मिनिटं मोजताना शेजारी उभं राहून मोजा, विचारून लिहू नका. सहायकाला विचारलं तर तो ‘दहा मिनिटं’ म्हणतो. त्याच्या डोक्यात अवघड अर्ज असतो. वीस अर्ज बघितले की चार मिनिटं निघतात.

## ३. ढीग का साचतो ते उसाच्या गाड्यांवरून समजा

आपल्याकडं हे समजायला सोपं आहे. कारखान्याच्या यार्डात उसाच्या किती गाड्या उभ्या आहेत आणि तासाला किती गाड्या गव्हाणीत रिकाम्या होतात, यावरून ड्रायव्हर सांगतो, ‘माझा नंबर पहाटे चारला.’ यार्डातल्या गाड्या भागिले तासाच्या गाड्या. हेच गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं आणि ते लिटलचा नियम म्हणून ओळखलं जातं. ड्रायव्हरला ते सिद्ध करायची गरज पडली नव्हती.

आमच्याकडं जूनच्या शेवटी रोज ७० अर्ज येत होते, ७० निघत होते, आणि एकूण ८४० पडून होते. ८४० भागिले ७०, बारा दिवस. पोर्टल सांगत होतं तेच.

आता नीट बघा. रोज जितके येतात तितके निघतात, म्हणजे माणसं कमी नाहीत. निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात ढीग झाला आणि तो कुणी उपसलाच नाही. प्रत्येक नवा अर्ज त्या जुन्या ढिगामागं उभा राहतो. ‘स्टाफ द्या’ म्हणून पत्र लिहिण्याआधी हे गणित करा, कारण रोजची आवक आणि जावक सारखी असेल तर नवा माणूस आल्यावर ढीग एकदा उपसला जाईल आणि नंतर त्याच्या हाताला काम उरणार नाही. तोच उपसा दोन शनिवार जादा बसूनही होतो. जावक आवकीपेक्षा सतत कमी असेल, तेव्हाच पत्र लिहा.

पण उपसला तरी तो पुन्हा का साचतो, हे शोधल्याशिवाय शनिवार वाया घालवू नका. त्यासाठी पुढची पायरी.

## ४. त्रुटी मोजा, आणि एकदाच काढा

३० पैकी १२ अर्ज एकदा तरी परत गेले होते. परत गेलेला अर्ज दुसऱ्यांदा तपासावा लागतो. म्हणजे रोजच्या ७० अर्जांसाठी सहायक ९८ तपासण्या करत होता. चार मिनिटांच्या हिशेबानं साडेसहा तास. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. त्यातून जेवण, काउंटरवरचे प्रश्न आणि ‘जरा इकडं या’ हे वजा केलं तर साडेसहा तास सलग मिळत नाहीत. ढीग इथं जन्माला येत होता.

त्रुटींची कारणं वहीत एकेक रेघ मारून लिहा. आमच्याकडं बारापैकी पाचांत शिधापत्रिकेची प्रत वाचताच येत नव्हती, कारण सेतूवाला फाइल लहान करताना अक्षरं पुसट करत होता. चारांत नावात फरक होता, आधारवर ‘शंकर’ आणि शिधापत्रिकेवर ‘शंकरराव’. दोघांनी एक वर्षाचा दाखला निवडून तीन वर्षांचं उत्पन्न भरलं होतं. एका अर्जात स्वयंघोषणापत्रावर सहीच नव्हती.

यातलं एकही कारण तहसीलमध्ये जन्मलेलं नाही. सगळी सेतूच्या खुर्चीवर जन्मली, आणि दुरुस्तही तिथंच व्हायला हवीत. अशा ठिकाणी जपानी माणसं पोका-योके म्हणतात, म्हणजे चूक करणंच अवघड होईल अशी सोय. मला दोन सोयी उपयोगी पडल्या. सेतूचालकासमोर शिधापत्रिकेच्या दोन छापील प्रती चिकटवल्या, एक वाचता येणारी, एक परत येणारी. आणि अर्जदाराला वाचून दाखवायचे चार प्रश्न लिहून दिले : ‘दोन्ही कागदांवर नाव सारखंच आहे? दाखला एक वर्षाचा की तीन? सही झाली? पत्ता हाच?’ नावातल्या फरकासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्रात अर्ज भरतानाच लिहून घ्यायला सांगितलं. तसं चालेल, हे आधी साहेबांकडून टिपणीवर मंजूर करून घ्या. नाहीतर सेतू एक करणार आणि सहायक त्यावर त्रुटी काढणार.

दुसरा नियम आपल्या टेबलासाठी : त्रुटी काढायची तर सगळ्या एकदम. पहिली त्रुटी दिसली की तिथंच थांबून अर्ज परत मारायचा ही सवय आपल्या रक्तात आहे. अर्जदार ती दुरुस्त करून येतो, मग दुसरी सापडते. चार मिनिटांऐवजी पाच लागले तरी चालतील, पण शेवटपर्यंत वाचा.

त्रुटी दहातल्या चारांवरून दहातल्या एकावर आल्या की तपासण्या ९८ वरून ७७ होतात. सहायकाचे रोज जवळजवळ दीड तास सुटतात. त्यासाठी ना पैसा लागला, ना सॉफ्टवेअर.

## ५. नको ती पायरी नियमातच शोधा

पुनर्रचना म्हटलं की नवे लोक पहिल्यांदा अव्वल कारकुनाचं टेबल उडवायला निघतात. (मी स्वतः त्याच टेबलावर होतो, तेव्हा माझं मत त्या हिशेबानं घ्या.) ते टेबल पोर्टलच्या प्रवाहात बसवलेलं असतं. तालुक्याला ते काढता येत नाही, प्रस्ताव जिल्ह्यातून वर जावा लागतो. तो पाठवा, पण त्याची वाट बघत बसू नका.

खरी सापडलेली पायरी वेगळीच होती. छापून घेतलेली अधिकृत यादी काढा आणि उत्पन्नाच्या पुराव्याचं कलम वाचा. तिथं ‘किमान एक’ असं लिहिलेलं असतं. पगारदाराला फॉर्म १६ चालतो, आयकर विवरणपत्र चालतं, निवृत्तिवेतनधारकाला बँकेचं प्रमाणपत्र चालतं. तलाठी अहवाल हा त्यातला एक पर्याय आहे. आमच्या सेतूच्या काचेवरची यादी मात्र सरसकट म्हणत होती, ‘तलाठी उत्पन्न अहवाल आवश्यक’. कोणी, कधी लिहिलं, कुणालाच सांगता आलं नाही. ३० पैकी ७ जणांकडं फॉर्म १६ किंवा पेन्शनचा कागद होता आणि तरीही ते तलाठ्याकडं जाऊन आले होते. एक तर निवृत्त शिक्षक होते. पेन्शनची पावती खिशात आणि सज्जाच्या ओसरीवर दोन तास.

काचेवरचा कागद खरवडून काढला. तीन ओळींचा नवा लावला : पगारदार, निवृत्त, इतर, आणि प्रत्येकापुढं कुठला कागद ते. जवळजवळ चौथा हिस्सा माणसं तलाठ्याच्या रांगेतून बाहेर पडली, नियमाची एक मात्राही न बदलता. प्रत्येक अशी पायरी दिसली की विचारा : ही अधिनियमात आहे, शासन निर्णयात आहे, की फक्त काचेवर आहे? काचेवरची असेल तर आज काढा. शासन निर्णयातली असेल तर तिला हात लावू नका, वर लिहा.

उरलेल्यांसाठी तलाठ्याचे वार ठरवून घ्या. आमच्याकडं एकाकडं दोन-तीन सज्जे होते, त्यामुळं ‘रोज या’ याचा अर्थ ‘कधीच भेटणार नाही’. प्रत्येक सज्जाला आठवड्यातून दोन अर्धे दिवस, त्यातला एक बाजाराच्या दिवशी, आणि त्या वेळेत मिटिंग लावायची नाही असं साहेबांकडून लेखी घेतलं. हे शेवटचं वाक्य नसेल तर वार ठरवण्यात अर्थ नाही.

## ६. गठ्ठा फोडा

सहायक दिवसभर अर्ज तपासायचा आणि संध्याकाळी सगळे एकदम पुढं ढकलायचा. मी ते दुसऱ्या दिवशी उघडायचो. नायब तहसीलदार आठवड्यात दोनदा, वेळ मिळेल तेव्हा डोंगल लावून दीडशे सह्या एका बैठकीत करायचे. प्रत्येकाला वाटायचं आपण झपाट्यानं काम करतो, आणि ते खरंही होतं. पण सकाळी दहाला तपासलेला अर्ज साठाव्या अर्जासाठी चार तास थांबायचा, आणि मग पुढच्या टेबलावर पुन्हा तेच.

उपाय साधा : पंधरा झाले की पुढं पाठवा. सह्यांच्या दोन वेळा ठरवा, साडेअकरा आणि चार. प्रत्येकी पाऊण तास. साहेब दौऱ्यावर असतील त्या दिवशी कोण सही करणार ते महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवा. डोंगल कपाटात आणि किल्ली साहेबांच्या गाडीत, हा प्रकार आमच्याकडं दोनदा झालाय. पण म्हणून डोंगल आणि पिन शिपायाच्या हाती देऊ नका. ती सही आहे, शिक्का नव्हे.

अर्ज आलेल्या क्रमानंच घ्या. फोनवरून पुढं घेतलेला प्रत्येक अर्ज दुसऱ्या कुणाला तरी मागं ढकलतो, आणि तो दुसरा मग कुणाला तरी फोन करायला लावतो. प्रवेशाची शेवटची तारीख खरंच उद्या असेल तर? त्यासाठी रोजच्या पाच जागा ठेवा, तारखेचा पुरावा बघून द्या, आणि वहीत नोंद करा. सहावा आला तर साहेबांकडं पाठवा.

## ७. खोटी शून्य पेंडन्सी ओळखा

सहा गठ्ठा पद्धत शिकताना आपल्याकडं ‘प्रलंबित’ असलेले आणि दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारे ‘प्रतीक्षाधीन’ कागद वेगळे ठेवायला सांगतात. चांगलीच पद्धत आहे. पण आढावा आला की प्रलंबितातले कागद प्रतीक्षाधीनात सरकतात, आणि तिथून कुणी विचारत नाही. पोर्टलवर याचंच भावंड आहे : चौदाव्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत मारायचा. आपल्याकडची पेंडन्सी शून्य, अर्जदाराकडं मात्र पहिला दिवस.

हे पकडायचं तर सरासरी बघू नका. त्रुटी कितव्या दिवशी निघाली त्याची वहीत रांग मांडा, दिवस १, २, ३ अशी. प्रामाणिक कामात बहुतेक त्रुटी पहिल्या दोन-तीन दिवसांत निघतात. तेरा-चौदाव्या दिवशी उंचवटा दिसला की समजा, तिथं काम नाही, तारीख सांभाळली जातेय. आमच्या वहीतही तो उंचवटा होता. चार दिवस त्या पानाकडं बघत बसलो आणि मग साहेबांना दाखवलं.

आणखी एक खोड : वेळ वाचला की तो माणूस लगेच दुसऱ्या कामाला लावायचा. सहायकाचे दीड तास सुटल्याचं कळताच त्याला दुसऱ्या शाखेचं काम जोडण्याची टूम निघाली होती. तसं झालं असतं तर पुढच्या वर्षी कुणी मला मिनिटं मोजू दिली नसती. निदान एक हंगाम तो वेळ त्याच टेबलावर राहू द्या.

## ८. झुंबडच पुढं-मागं सरकवा

उत्पन्नाच्या दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते, म्हणून तो हिवाळ्यात काढून ठेवता येत नाही. पण १ एप्रिलपासून काढता येतो, आणि एप्रिल-मे आमच्याकडं रिकामे जायचे. महाराजस्व अभियानातल्या शिबिरांसारखं शिबिर शाळेत लावायचं तर अधिवास आणि जातीच्या दाखल्यांसाठी डिसेंबर-जानेवारीत लावा, उत्पन्नासाठी मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दहावी-बारावीच्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून आधी घेऊन. निकालानंतर लावलेलं शिबिर म्हणजे झुंबडीत आणखी एक खिडकी, त्यानं ढीग हलत नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा ३० अर्ज काढले. अर्जदाराच्या घड्याळानं १९ चे ७ दिवस झाले होते, पोर्टलच्या घड्याळानं १२ चे ३. उरलेल्या सातांतले तीन दिवस अजून तलाठ्याकडचेच. ज्याच्याकडं तीन सज्जे आहेत त्याला आम्ही वार लावून दिले, दिवस काही वाढवून देता आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात अतिवृष्टीचे पंचनामे लागले तेव्हा ते वारही गेले, आणि तो आकडा तीन आठवडे पुन्हा सहावर जाऊन बसला. खाकी कागदावर ती चिठ्ठी मी तशीच लाल ठेवली.